भात वाढला की ताटातून काय जातं?

(नंदिनी नगर, भिलाई येथे पदवीधर मुलामुलींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

आज मी तांदळाबद्दल बोलणार आहे. छत्तीसगडमध्ये चाउरावर बोलायला उभं राहणं तसं धाडसाचंच, कारण इथे या विषयावर प्रत्येकाचं मत आधीच तयार असतं. त्यातलं एक मत तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. "या लोकांना भातच लागतो. कितीही द्या, हे भातच खाणार." कधी हे वाक्य कंत्राटदार बोलतो, कधी आपल्याला पोषणावर शिकवायला आलेले तज्ज्ञ बोलतात. तज्ज्ञांच्या तोंडी ते जरा सभ्य होतं. ते 'आहाराच्या सवयी' म्हणतात, 'सांस्कृतिक आवड' म्हणतात. अर्थ तोच राहतो: गरिबाच्या ताटात भाताचा डोंगर आहे, कारण गरिबाला तो आवडतो.

आपल्या देशात कोण काय खातो यावरून त्याची पायरी ठरवण्याची सवय फार जुनी आहे. त्यामुळे ताट पाहून माणसाचा स्वभाव सांगणं लोकांना सोपं वाटतं. ताट पाहून त्या घराचा हिशेब मांडणं मात्र कुणी करत नाही. आज आपण तेवढंच करू. त्यासाठी अर्थशास्त्रातल्या एका छोट्या, विचित्र गोष्टीची मदत घेऊ. बारावीत ज्यांनी अर्थशास्त्र घेतलं होतं, त्यांनी मागणीच्या नियमाच्या अपवादांत तिचं नाव वाचलं असेल: गिफेनचा विरोधाभास. दोन ओळींचं उत्तर, दोन मार्क, आणि पुढचा धडा. त्या दोन ओळींत आपल्या घरांबद्दल बरंच काही दडलेलं आहे.

मागणीचा नियम सगळ्यांना माहीत आहे. किंमत वाढली की लोक ती वस्तू कमी घेतात. गिफेन वस्तू म्हणजे याच्या उलट वागणारी वस्तू. तिची किंमत वाढते आणि गरीब घरं ती जास्त घेऊ लागतात. श्रीमंत लोक महागडं घड्याळ महाग आहे म्हणून घेतात, तो प्रकार वेगळा. तिथे दिखावा असतो. इथे बोलतोय ते रोजच्या पोटभरीच्या अन्नाबद्दल. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९५ साली आपल्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत हे लिहिलं आणि त्याचं श्रेय रॉबर्ट गिफेन यांना दिलं. मार्शल पावाबद्दल बोलत होते. पाव महागला की मजूर घरांना मांस आणि इतर महाग पदार्थ सोडावे लागतात, आणि पाव तरीही सगळ्यांत स्वस्त अन्न असल्यामुळे ती घरं पाव आणखी जास्त खातात, असं त्यांचं म्हणणं.

पुढे पाठ्यपुस्तकांत पावाच्या जागी आयर्लंडचा बटाटा आला. १८४५ नंतरच्या दुष्काळात बटाटा महागला आणि लोकांनी बटाटा जास्त खाल्ला, अशी गोष्ट अनेक पिढ्या शिकवली गेली. ही गोष्ट टिकत नाही. त्या दुष्काळात बटाट्याचं पीकच रोगाने सडलं होतं. जे पीक देशात उरलंच नाही, ते सगळा देश मिळून जास्त कसं खाईल? तेव्हा परीक्षेत कुणी बटाटा लिहिला असेल तर मार्क मिळाले असतील, पण उदाहरण चुकीचं आहे.

आता आपला हिशेब मांडू. आकडे मी सोपे ठेवते. हे कुठल्याही खऱ्या घराचे नाहीत, समजण्यासाठी घेतलेले आहेत. एक घर धरू या. चार माणसं. घरातला कर्ता माणूस कंत्राटावर कामाला जातो. घर बाहेरून आलेलं आहे, इथलं रेशन कार्ड नाही, म्हणजे सगळा तांदूळ किराणा दुकानातून येतो. भाडं, तेल-मीठ, गॅस, दवाखाना, मुलांची फी हे सगळं काढून तांदूळ आणि डाळ यांसाठी महिन्याला २०८० रुपये उरतात. तांदूळ ३० रुपये किलो, तूरडाळ ११० रुपये किलो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. एक किलो तांदूळ आणि एक किलो तूरडाळ यांतून शरीराला मिळणारी ऊर्जा जवळपास सारखीच असते. फरक प्रथिनांत आहे आणि चवीत आहे. म्हणजे नुसतं पोट भरायचं असेल, अंगात काम करायचं बळ हवं असेल, तर किलोला किलो बदली चालते. या घराला महिनाभर उपाशी न राहण्यासाठी दोन्ही मिळून ५० किलो धान्य लागतं असं धरू. त्यापेक्षा कमी झालं तर कुणीतरी अर्धपोटी झोपणार.

घरची बाई काय करेल? ती शक्य तितकी डाळ घेईल, पण ५० किलो पुरे झाले पाहिजेत आणि पैसेही २०८० मध्येच बसले पाहिजेत. हिशेब करून पाहा. डाळ सव्वासात किलो आणि तांदूळ पावणेत्रेचाळीस किलो. तांदळाचे झाले १२८२ रुपये ५० पैसे, डाळीचे ७९७ रुपये ५० पैसे. बेरीज बरोबर २०८०.

आता तांदूळ ३० वरून ३४ रुपये झाला. मजुरी तीच, डाळीचा भाव तोच. पहिल्यासारखंच सगळं घ्यायचं म्हटलं तर १७१ रुपये कमी पडतात. ते कुठून काढायचे? नियम सांगतो, महागलेली वस्तू कमी करा. पण तांदूळ एक किलो कमी केला तर ३४ रुपये वाचतात आणि पोट एक किलोने रिकामं राहतं. त्या जागी डाळ घ्यायची तर ११० रुपये लागतात. ते तर नाहीतच. उलट डाळ एक किलो कमी केली तर ११० रुपये सुटतात, त्यातल्या ३४ रुपयांत एक किलो तांदूळ घेऊन पोट भरता येतं, आणि ७६ रुपये हातात राहतात. १७१ रुपयांचा खड्डा भरायला असं सव्वादोन वेळा करावं लागतं. म्हणजे डाळ सव्वासातवरून पाच किलोवर येते आणि तांदूळ पावणेत्रेचाळीसवरून ४५ किलोवर जातो. तांदळाचे १५३०, डाळीचे ५५०, पुन्हा बरोबर २०८०.

तांदूळ महागला आणि या घराने तांदूळ सव्वादोन किलो जास्त घेतला. यात आवड कुठे आली? सवय कुठे आली? त्या बाईने अत्यंत शहाणपणाने, पै-पैचा विचार करून घेतलेला हा निर्णय आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच की भाव वाढला तरी ही माणसं भातच वाढवून घेतात. त्याला ताटातून गेलेली सव्वादोन किलो डाळ दिसत नाही, कारण जे ताटात नाही ते कुणी मोजत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत इथे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात. एक पर्यायाचा परिणाम: तांदूळ आता डाळीच्या तुलनेत पहिल्याइतका स्वस्त नाही, म्हणून तो थोडा सोडावा. दुसरा उत्पन्नाचा परिणाम: तांदळावरच निम्म्याहून जास्त पैसे जातात, त्यामुळे तो महागला की घर एकदम गरीब होतं, आणि गरीब घर स्वस्त पोटभरीकडे वळतं. बहुतेक वस्तूंमध्ये पहिला परिणाम जिंकतो. दुसरा जिंकला की ती गिफेन वस्तू. पुस्तकात अशा वस्तूंना 'निकृष्ट वस्तू' म्हणतात. त्या शब्दाने फसू नका. तांदूळ निकृष्ट नाही. उत्पन्न वाढलं की ज्याचं प्रमाण कमी होतं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याच घरात तपासा. भाव ३० असताना मजुरीतून २०० रुपये जास्त आले असते तर डाळ पावणेदहा किलो झाली असती आणि तांदूळ सव्वाचाळीसवर उतरला असता. ज्याला भातच हवा असतो, तो पैसे आल्यावर भात कमी करत नाही.

आता हा भाव असाच वाढत ठेवून पाहू. ४० रुपये किलोला डाळ जेमतेम सव्वा किलोच्या आत येते आणि तांदूळ जवळपास ४९ किलो होतो. ४१ रुपये ६० पैशांना डाळ संपते. २०८० रुपयांत नुसता ५० किलो तांदूळ. त्यापुढे काय? सोडायला काहीच उरलं नाही. ४५ रुपये भाव झाला तर फक्त ४६ किलो तांदूळ येतो, आणि चार किलोची भूक घरात राहते. म्हणजे त्या टप्प्यावर मागणीचा नियम परत लागू होतो. पाठ्यपुस्तक म्हणेल, सगळं सुरळीत झालं, किंमत वाढली आणि खप घटला. पण नियम परत आला तो उपासमारीच्या रूपाने.

ही सीमा महत्त्वाची आहे. गिफेनचं वागणं फार श्रीमंतात दिसत नाही, कारण त्यांच्या खर्चात तांदळाचा वाटा नगण्य. आणि अगदी तळाशी असलेल्यांतही दिसत नाही, कारण त्यांच्या ताटातून काढून टाकण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ते दिसतं मधल्या पट्टीत: गरीब, पण ताटात अजून थोडी डाळ, थोडी भाजी, कधीतरी मासळी शिल्लक असलेल्या घरांत.

हे नुसतं वहीतलं गणित नाही. रॉबर्ट जेन्सेन आणि नोलन मिलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली चीनच्या दोन प्रांतांत हे प्रत्यक्ष तपासलं. हुनानमध्ये मुख्य अन्न तांदूळ, गान्सूमध्ये गहू. शहरांतली गरीब घरं निवडली. काही घरांना मुख्य अन्नावर सवलतीची कुपनं दिली, काहींना दिली नाहीत, आणि कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काही महिने सवलत दिली, मग काढून घेतली. प्रत्येक टप्प्यावर घरात कोण काय खातंय ते नोंदवलं. हुनानमध्ये तांदूळ स्वस्त झाल्यावर घरांनी तांदूळ कमी खाल्ला आणि सवलत गेल्यावर पुन्हा वाढवला. किंमत १ टक्क्याने उतरली तर खप साधारण ०.२ टक्क्याने उतरला. गान्सूमधला पुरावा कमजोर होता. आणि हुनानमध्येही हे वागणं मधल्या पट्टीत ठळक होतं. ज्यांची ८० टक्क्यांहून जास्त ऊर्जा आधीच तांदळातून येत होती, त्या अगदी गरीब घरांत ते दिसलं नाही. आपल्या वहीतल्या घराने जे सांगितलं तेच.

त्या प्रयोगातली एक बारीक गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. कुपनं किती द्यायची? त्यांनी रोज माणशी ७५० ग्रॅमची दिली, म्हणजे लोक सरासरी खातात त्याच्या जवळपास दुप्पट. का? कारण घर जो शेवटचा किलो विकत घेतं, त्या किलोवर सवलत लागली तरच 'किंमत बदलली' असं म्हणता येतं. मर्यादित कोटा दिला आणि उरलेलं बाजारभावाने घ्यावं लागलं, तर शेवटच्या किलोची किंमत बदलतच नाही. तेव्हा घराला मिळते ती फक्त थोड्या पैशांची मदत.

आणि इथेच आपण छत्तीसगडच्या रेशनवर येतो. इतिहास तुम्हाला माहीत आहे. २००४ मध्ये या राज्याने रेशन दुकानं खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, बचत गट, सहकारी संस्था यांच्याकडे दिली. २००७ मध्ये ३ रुपये किलोचा तांदूळ आला, कार्डाला महिना ३५ किलो. २००९ मध्ये तो अंत्योदय घरांना १ रुपया आणि बाकीच्या गरीब घरांना २ रुपये झाला. रमण सिंह यांना 'चाउर वाले बाबा' हे नाव तेव्हाच मिळालं. २०१२ मध्ये राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. तेव्हापासून एक टीका सतत ऐकू येते: फुकटाच्या भावात तांदूळ दिला, म्हणून लोक भातच खातात.

आपलं चार माणसांचं घर पुन्हा घ्या आणि आता त्याच्या हातात रेशन कार्ड द्या. ३५ किलो तांदूळ २ रुपयांनी, म्हणजे ७० रुपयांत. हातात उरले २०१०. पन्नास किलोपैकी १५ किलो बाकी आहेत. ते १५ किलो सगळे डाळीचे घेतले तरी १६५० रुपये लागतात, आणि अंडी, भाजी यांसाठी ३६० रुपये शिल्लक राहतात. या घराला किराणा दुकानातल्या तांदळाला हात लावायची गरजच नाही. तिथे भाव ३४ होऊ दे, ४० होऊ दे, ४५ होऊ दे, या घराच्या डाळीला धक्का लागत नाही. मघाशी ४५ रुपयांना हेच घर उपाशी होतं.

म्हणजे ३५ किलोच्या कार्डाने दोन कामं केली. एक, घराला पैसे वाचवून दिले. दोन, त्या घराला गिफेनच्या सापळ्यातून बाहेर काढलं. आणि भाताचं प्रमाण वाढलं का? पावणेत्रेचाळीस किलोवरून ते ३५ वर आलं. खऱ्या जगातही असंच काहीसं दिसलं आहे. प्रसाद कृष्णमूर्ती, विक्रम पठानिया आणि शरद टंडन या अभ्यासकांनी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आकडेवारीतून छत्तीसगडची ग्रामीण घरं आणि सीमेपलीकडच्या शेजारी जिल्ह्यांतली घरं यांची तुलना केली. रेशन सुधारल्यानंतर छत्तीसगडच्या घरांत डाळी, प्राणिजन्य प्रथिनं आणि भाजीपाला शेजाऱ्यांच्या तुलनेत वाढला. तांदूळ स्वस्तात मिळाला म्हणून घरात डाळ आली. टीका करणाऱ्यांनी गणित बरोबर उलटं मांडलं होतं.

इथे एक प्रामाणिक अडचण सांगायला हवी, कारण वादात कुणीतरी ती तुमच्यापुढे टाकेल. हुनानमध्ये सवलतीतून वाचलेल्या पैशांनी घरांचं पोषण सुधारल्याचं जेन्सेन आणि मिलर यांना आढळलं नाही. लोकांनी वाचलेले पैसे जास्त चवदार अन्नाकडे वळवले. यावरून कुणी म्हणेल, बघा, गरिबाला पैसे दिले की तो चवीवर उडवतो. याला माझं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग: त्याच हातांनी छत्तीसगडमध्ये डाळ आणि भाजी घेतली, तेव्हा हे काही गरिबाच्या स्वभावाचं लक्षण नाही. बाजारात काय, किती अंतरावर, कुठल्या भावाने मिळतं यावर ते ठरतं. दुसरा भाग: महिनाभर एकच गोष्ट खाणाऱ्या माणसाला एक दिवस मासळीची चव हवी असेल, तर ती मागण्यासाठी त्याला पोषणतज्ज्ञांची परवानगी का लागावी? चवीचा हक्क फक्त वरच्यांना, आणि खालच्यांना नुसत्या कॅलरी, ही वाटणी आपण मान्य करायचं कारण नाही.

आता यातला सगळ्यांत व्यवहाराचा प्रश्न. धान्याऐवजी थेट खात्यात पैसे द्यावेत, हा विचार गेली दहा वर्षं जोरात आहे. २०१५ मध्ये चंडीगड आणि पुदुच्चेरीत, आणि २०१६ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या काही भागात तो सुरू झाला. आपल्या महाराष्ट्रात २०२३ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे ओळखल्या गेलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकरी घरांना धान्याऐवजी सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये देण्याचा निर्णय झाला. आपल्या घरावर हे लावून पाहू. ३५ किलोवर वाचणारे पैसे, किलोमागे २८ रुपयांप्रमाणे, ९८० होतात. समजा सरकारने धान्य बंद करून तेवढेच ९८० खात्यात टाकले. ३० रुपयांच्या भावाला घर तितकंच सुखी आहे, हातात ३०६० रुपये, काही तक्रार नाही. पण भाव ३४ झाला की डाळ साडेएकोणीस किलोवरून अठरा किलोच्या आत येते आणि तांदूळ दीड किलोने वाढतो. ४० झाला की डाळ पंधरापर्यंत येते. घर पुन्हा त्याच सापळ्यात गेलं, फक्त वरच्या पायरीवरून. किमतीचा धोका आधी सरकारच्या गोदामावर होता, आता तो त्या बाईच्या चुलीवर आला. १५० रुपयांत ३० च्या भावाने पाच किलो तांदूळ येतो, ३६ च्या भावाने चार किलोच्या थोडा वर. दुकानातला भाव सकाळी बदलतो. खात्यातली रक्कम बदलायला शासन निर्णय निघावा लागतो. धान्य की रोख यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. रोखीत वाहतुकीची गळती नाही, हेही खरं. पण भाववाढीचा फटका कोण सोसणार, हा प्रश्न त्या चर्चेत विचारलाच गेला पाहिजे.

तुमच्यापैकी काही जण पुढे सर्वेक्षणं करणार आहात, प्रकल्प लिहिणार आहात. म्हणून शेवटचा मुद्दा: हे ओळखायचं कसं? कारण तांदूळ जास्त विकला गेला म्हणजे गिफेन, असं नाही. मजुरी बुडाली तरी घर भाताकडे वळतं, तेव्हा किंमत तीच असते. तो नुसता उत्पन्नाचा परिणाम. भाव आणखी चढेल या भीतीने कुणी दोन पोती भरून ठेवली, तर खरेदी वाढली, खाणं नाही. डाळ महागली तरी भात वाढतो. आणि स्वस्त प्रथिन कायद्यानेच काढून घेतलं तरीही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली, तेव्हा ज्या घरांचं ते रविवारचं स्वस्त मटण होतं, त्यांना एक तर महाग पर्याय घ्यावा लागतो किंवा ताट भाताने, भाकरीने भरावं लागतं. तिथे धान्याची किंमत हललेलीच नसते. भात वाढण्याचं कारण वेगळं असतं, पण ताट तसंच आटतं.

गिफेन म्हणायचं तर चार गोष्टी तपासायच्या. भाव बाहेरच्या कारणाने बदलला का. त्या काळात मजुरी आणि इतर भाव तेच होते का. घर शेवटचा किलो त्याच भावाने घेतं का, की रेशनच्या कोट्यातच त्याचं भागतं. आणि आणखी स्वस्त धान्याकडे सरकायची वाट आहे का. ही चौथी गोष्ट इथे विशेष लागू होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी शोधून वाढवलेला एचएमटी तांदूळ महागला तर घर मोठ्या दाण्याच्या तांदळावर येतं, तो महागला तर कणकीवर. ही शिडी आहे तोवर वरच्या पायरीवरचा तांदूळ नियमाप्रमाणेच कमी घेतला जातो. गिफेन वागणं दिसलं तर शिडीच्या शेवटच्या पायरीवर दिसेल, जिच्याखाली काही नाही. म्हणूनच ते दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच नुसता 'तांदूळ' असा एकच रकाना असलेल्या फॉर्ममध्ये ते सापडत नाही.

तेव्हा फॉर्म करताना 'तांदूळ किती आणला' याच्या शेजारी 'कुठला तांदूळ', 'रेशनचा किती, दुकानातला किती' आणि 'डाळ किती आणली' हे रकाने ठेवा. पुढच्या महिन्यात भाव बदलल्यावर त्याच घरी पुन्हा जा. प्रश्न घरात स्वयंपाक करणाऱ्या आणि किराणा भरणाऱ्या व्यक्तीला विचारा, कारण हिशेब तिच्याकडे असतो.

इथे बोरे बासीचा विषय निघाल्याशिवाय राहणार नाही. २०२२ मध्ये १ मे रोजी, कामगार दिनाला, छत्तीसगडमध्ये बोरे बासी खाण्याचा कार्यक्रम सरकारने केला. मंत्री, अधिकारी पाण्यात भिजवलेला भात कांद्यासोबत खाताना फोटोत दिसले. उन्हाळ्यात बासी अंगाला थंड असते, चवीची असते, तिचा अभिमान वाटण्यात काही वावगं नाही. पण ज्याच्या ताटात बासीबरोबर बाकी सगळंही आहे, त्याच्यासाठी ती संस्कृती. ज्याच्या ताटात बासीशिवाय काही राहिलेलं नाही, त्याच्यासाठी तो बाजारभावाचा निकाल. दोन्ही ताटांत भात सारखाच दिसतो. फरक कळायला शेजारची वाटी भरलेली आहे की रिकामी, हे पाहावं लागतं.

यापुढे कुणी तुम्हाला म्हणालं की या लोकांना भातच लागतो, तर वादात स्वाभिमान आणि अपमान यांच्या गोष्टी नंतर काढा. आधी एक कागद घ्या, त्यावर २०८० लिहा, ३० आणि ११० लिहा, आणि त्यांना सांगा: चार माणसांचं घर पोटभर चालवून दाखवा. मग ३० खोडून ३४ करा आणि पुन्हा चालवायला सांगा. तांदूळ किती घ्यावा लागतो, ते त्यांचं त्यांनाच दिसेल.

जय भीम.